यमूचं पुढं काय होतं, ते मलपृष्ठानं सांगू नये

पुढचा मजकूर एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर आहे असं समजून वाचा.

‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वातील मध्यमवर्गीय समाजजीवनाचे विदारक चित्रण करणारी ही अजरामर कलाकृती मराठी कादंबरीच्या वाटचालीतील मैलाचा दगड ठरली आहे. बालवयातच विवाहबद्ध झालेल्या यमूला सुधारक विचारांचे पती रघुनाथराव शिकवतात. मुंबईत तिचा संसार फुलतो. परंतु नियतीला ते मान्य नसते. पतीच्या अकाली निधनानंतर सासरचे शंकरमामंजी तिचे सक्तीने केशवपन घडवून आणतात. स्त्रीच्या मूक वेदनेला वाचा फोडणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी, प्रत्येकाने वाचलीच पाहिजे अशी कादंबरी.’

हा मजकूर कुठल्या एका आवृत्तीवरून उचललेला नाही. मराठी पुस्तकांच्या पाठीवर वर्षानुवर्षं दिसणारी वाक्यं जोडून मी तो हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’साठी मुद्दाम तयार केला आहे. यातली एकही माहिती चुकीची नाही. तरीही ज्यानं ही कादंबरी अजून वाचलेली नाही, त्याच्यासाठी या मजकुरानं तिचं फार मोठं नुकसान केलं आहे. साठ-पासष्ट शब्दांत त्यानं यमूच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वळण सांगून टाकलं, आणि यमू कशी आहे, कशी बोलते, तिच्यासोबत काही दिवस काढावेत असं का वाटावं, याबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही.

ही कादंबरी पहिल्यांदा कशी वाचली गेली ते आठवलं की हे नुकसान नीट कळतं. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ती क्रमशः छापली. तेव्हाच्या वाचकाला यमू हप्त्याहप्त्यानं भेटत होती. तिचं माहेर, तिची मैत्रीण दुर्गी, तिचं लग्न, नवऱ्याशी हळूहळू जुळलेलं मन, मुंबईतलं बिऱ्हाड, हे सगळं त्यानं पुढचं काही माहीत नसताना वाचलं. यमू मागं वळून सांगते आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यावर पुढच्या दुःखाची सावली आहेच. पण सावली दिसणं वेगळं आणि नेमकं काय घडणार आहे हे आधी कळणं वेगळं. त्या पहिल्या वाचकाला जे मिळालं ते आजच्या वाचकालाही मिळायला हवं, एवढ्या एका हट्टानं हा मजकूर पुन्हा लिहून पाहायचा आहे.

आधी जागा किती आहे ते पाहू, कारण मलपृष्ठ लिहिणाऱ्याच्या पुष्कळ चुका जागेचा अंदाज नसल्यामुळे होतात. आपल्याकडच्या बहुतेक कादंबऱ्या डेमी आकारात निघतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. खालच्या बाजूला आयएसबीएनचा बारकोड, किंमत आणि प्रकाशनाचं बोधचिन्ह येतं. पुष्कळदा लेखकाचा फोटो आणि चार ओळींचा परिचयही तिथंच बसवायचा असतो. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत जरा जास्त मोकळी जागा लागते. ती दिली नाही तर मजकूर दाटतो. अकरा-बारा पॉइंटांचा टाइप धरला आणि चारही बाजूंना श्वास घ्यायला जागा ठेवली, तर सव्वाशे-दीडशे शब्द नीट बसतात. त्याहून जास्त लिहिले की मांडणी करणारा टाइप लहान करतो, आणि पुस्तक प्रदर्शनातल्या गर्दीत उभ्यानं वाचणारा माणूस तो वाचायच्या भानगडीत पडत नाही. तो कव्हर बघतो, पुस्तक उलटं करतो, वरच्या दोन-तीन ओळींवर नजर फिरवतो आणि मग एक तर पान उघडतो किंवा पुस्तक खाली ठेवतो. त्यामुळे पहिल्या दोन ओळींत ‘अजरामर कलाकृती’ आणि ‘मैलाचा दगड’ घालणं म्हणजे सगळ्यांत मोलाची जागा फुकट घालवणं.

आता प्रश्न वाचकाचा. ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजे’ असं लिहिणाऱ्यानं आपला वाचक ठरवलेलाच नसतो. माझ्या मते या कादंबरीचा वाचक कोण, याचं उत्तर तिच्या विषयात शोधू नये, तिच्या सांगण्याच्या पद्धतीत शोधावं. विषय पाहिला तर ती समाजसुधारणेची कादंबरी ठरते, आणि मग तिला अभ्यासक्रमाचा वाचक मिळतो: परीक्षेपुरती वाचणारा, टिपणं काढणारा. सांगण्याची पद्धत पाहिली तर एक मुलगी आपल्या घरातल्या माणसांबद्दल मन मोकळं करून बोलते आहे, असं दिसतं. कोण कसं बोललं, कोण रुसलं, कुणी कुणाला कसं दाबलं, हे ती बारकाव्यानं सांगते. ज्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आवडतात, ज्यांना आजीच्या तोंडून जुन्या घरांतल्या गोष्टी ऐकाव्याशा वाटतात, ते या कादंबरीचे खरे वाचक. ‘विदारक चित्रण’ हे शब्द दिसले की नेमके हेच वाचक मागं सरतात. त्यांना वाटतं, हे काहीतरी जड आणि रडवणारं आहे.

हा वाचक शोधण्याची एक साधी रीत आहे. ज्यांनी पुस्तक आवडीनं वाचलं आहे अशा तिघाचौघांना विचारायचं: तुम्ही हे पुस्तक कुणाला वाचायला द्याल, आणि त्या व्यक्तीला आणखी कुठली पुस्तकं आवडतात? पुस्तक कशाबद्दल आहे, असं मात्र विचारायचं नाही. तसं विचारलं की माणसं सावरून बसतात आणि समीक्षकासारखं बोलायला लागतात. ‘माझ्या बहिणीला देईन, कारण तिला असं घरातलं, माणसांचं वाचायला आवडतं’ हे एक वाक्य मलपृष्ठ लिहिणाऱ्याला प्रस्तावनेच्या चार पानांहून जास्त उपयोगी पडतं.

लेखकानं स्वतःच्या कादंबरीचं मलपृष्ठ लिहू नये असं माझं मत आहे, त्याचंही कारण इथंच आहे. आपण हे का लिहिलं हे लेखकाला माहीत असतं, आणि त्याला तेच सांगायचं असतं. वाचकाला आधी हवं असतं ते कुणाबद्दल आणि कुठं. टी. एस. एलियट फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेत संपादक होता तेव्हा तिथल्या पुस्तकांची मलपृष्ठं तो लिहीत असे, दुसऱ्यांच्या पुस्तकांची. इटलीतल्या अडेल्फी प्रकाशनाचे रॉबेर्तो कालासो यांनी आपल्या संस्थेच्या पुस्तकांसाठी असे शेकडो मजकूर लिहिले आणि त्यांतल्या शंभरांचं पुस्तक २००३ साली काढलं. त्याचं नाव त्यांनी ‘अनोळखी माणसाला लिहिलेली शंभर पत्रं’ अशा अर्थाचं ठेवलं. पत्र एका माणसाला लिहिलं जातं. ‘तमाम मराठी वाचकांना’ उद्देशून लिहिलेलं मलपृष्ठ पत्र राहत नाही, त्याचं भाषण होतं.

आता वरचा मजकूर घेऊ आणि वाक्य न् वाक्य तपासू. पहिलं वाक्य पूर्ण काढायचं. त्यात एकही गोष्ट अशी नाही, जी दुसऱ्या कादंबरीला लागू होणार नाही. याची एक परीक्षा आहे आणि ती मी हातात पडणाऱ्या प्रत्येक मजकुरावर करतो: पुस्तकाचं नाव झाकायचं, त्याच लेखकाच्या किंवा त्याच काळातल्या दुसऱ्या कादंबरीचं नाव तिथं ठेवायचं आणि वाक्य वाचायचं. वाक्य तसंच चालत असेल तर ते आपल्या पुस्तकाचं नाही. ‘मानवी मनाचा तळ ढवळून काढणारी’, ‘नातेसंबंधांचा गुंता उलगडणारी’, ‘मातीचा गंध असलेली’ ही सगळी वाक्यं या परीक्षेत नापास होतात. आपलं शेवटचं वाक्यही याच कारणानं जातं.

मधली वाक्यं उरतात, आणि ती जास्त कठीण आहेत, कारण त्यांत खरी माहिती आहे. यमू, रघुनाथराव, शंकरमामंजी, लग्न, शिक्षण, मुंबई, मृत्यू, केशवपन. यांतलं काय ठेवायचं? इथं संपादकांत एक ठोकताळा चालतो: कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशात जे घडतं तेवढंच मलपृष्ठावर आणावं. म्हणजे चारशे पानांची कादंबरी असेल तर पहिल्या शंभर पानांतलं. ठोकताळा म्हणून तो चांगला आहे. नव्या माणसाला तो मोठ्या चुकांपासून वाचवतो. पण त्याचं कारण समजून न घेता वापरला तर तो फसवतो, आणि या कादंबरीच्या बाबतीत तो फसवतोच. यमूचं आणि रघुनाथरावांचं मुंबईतलं बिऱ्हाड बरंच पुढं येतं. ठोकताळा पाळायचा तर मुंबईचं नावही घेता येणार नाही, आणि मग कादंबरीतलं सगळ्यांत मोहक ते झाकलेलंच राहील.

म्हणून मी घटनांची विभागणी पानांनी न करता त्यांच्या कामानं करतो. काही घटना वाचकाच्या मनात प्रश्न उभा करतात. काही घटना त्या प्रश्नाचं उत्तर देतात. पहिल्या प्रकारच्या घटना मलपृष्ठावर येऊ शकतात, दुसऱ्या प्रकारच्या येऊ शकत नाहीत. यमूचं न कळत्या वयात लग्न होतं. प्रश्न उभा राहतो, नवरा कसा निघेल? नवरा समजूतदार निघतो आणि बायकोनं शिकावं असं त्याला वाटतं. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं खरं, पण लगेच त्याहून मोठा प्रश्न आला: घरातली माणसं हे होऊ देतील का? दोघं मुंबईला जातात. प्रश्न आणखी ताणला जातो, इतक्या लांब जाऊन ती घराच्या हाताबाहेर जातात का? इथपर्यंत सगळ्या घटना वाचकाला पुढं ढकलतात. रघुनाथरावांचा मृत्यू मात्र या सगळ्या प्रश्नांचा एकदम निकाल लावतो, आणि केशवपन त्या निकालावर शिक्का मारतं. रेघ या दोहोंच्या आधी ओढायची. कागदावर काम करताना मी खरोखरच घटनांची अशी यादी करतो आणि ज्या घटनेशी पहिल्यांदा ‘संपलं’ असं वाटतं तिच्या वर आडवी रेघ मारतो.

दुर्गीचं काय? यमूच्या या मैत्रिणीला भयंकर नवरा मिळाला आहे, आणि तिची गोष्ट मुख्य गोष्टीच्या बाजूनं चालते. तिचं नुसतं नाव घेतलं तर जागा जाते, आणि हकीकत सांगायला जागा नाही. तरी ती हवी, असं मला वाटतं, कारण ती नसली तर रघुनाथरावांसारखा नवरा मिळणं ही त्या काळात केवढी नशिबाची गोष्ट होती हे कळत नाही. मलपृष्ठावर दोनपेक्षा जास्त नावं आली की वाचक गोंधळतो, म्हणून नावं दोनच ठेवायची: यमू आणि दुर्गी. रघुनाथराव ‘नवरा’ म्हणून येतील. शंकरमामंजींचं नाव येणार नाही. ते ‘वडीलधारी माणसं’ या शब्दांत सामावतील. खलनायकाचं नाव आधीच सांगितलं की वाचक पहिल्या पानापासून त्याच्याकडे बोट दाखवत बसतो, आणि हा माणूस किती भयानक आहे ते हळूहळू कळण्यातली धार जाते.

आता नवा मजकूर.

‘यमूला सगळं सांगायचं आहे. दादाबरोबरचं लहानपण, वडिलांपुढं आवाज न काढणारी आई, तिला न विचारता ठरलेलं तिचं लग्न. आणि मग ज्याची तिनं कल्पनाच केली नव्हती ते: नवऱ्याशी झालेली मैत्री. तो शिकतो आहे, आणि तिनंही शिकावं असं त्याला मनापासून वाटतं. मैत्रीण दुर्गीच्या वाट्याला काय आलं ते यमूनं पाहिलं आहे, म्हणून आपलं सुख केवढं आहे हे तिला नेमकं ठाऊक आहे. दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात. पहिल्यांदाच घरात मोकळं बोलणं होतं, हसणं होतं.

पण १८९०च्या आसपासच्या या जगात बायकोनं पुस्तक वाचणं आणि नवऱ्यानं तिच्याशी चारचौघांसारखं बोलणं, एवढंही वडीलधाऱ्यांना खपत नाही. आणि त्यांचा हात मुंबईपर्यंत पोचतो.

हरी नारायण आपट्यांनी ‘करमणूक’मधून क्रमशः लिहिलेली, यमूच्याच शब्दांतली तिची कहाणी.’

हा मजकूर साधारण शंभर शब्दांचा आहे, म्हणजे जागेत आरामात बसतो. यात विशेषणं जवळजवळ नाहीत. ‘करुण’ नाही, ‘हृदयद्रावक’ नाही. पहिलं वाक्य मुद्दाम लहान आहे आणि त्यात यमूचा स्वभाव आहे: ती बोलकी आहे, आणि ही गोष्ट तिच्या तोंडून येणार आहे. पुस्तक प्रथमपुरुषी असेल तर मलपृष्ठाच्या पहिल्या ओळीतच तो आवाज कानावर पडायला हवा. भाषाही त्या अंगानं घरगुती ठेवली आहे. मलपृष्ठ एका भाषेत आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत असलं की पहिलं पान उघडताच वाचक बिचकतो.

शेवटाकडे मी जास्त वेळ दिला. ‘त्यांचा हात मुंबईपर्यंत पोचतो’ या वाक्यात धोका आहे, पण घटना नाही. कुणाचं काय होतं ते त्यात कुठंच नाही. या जागी पुष्कळजण प्रश्नचिन्ह लावतात: ‘यमूचा संसार टिकेल का?’ असा प्रश्न विचारला की वाचक तिथल्या तिथं उत्तर देतो. टिकणार असता तर विचारलं कशाला, असं त्याच्या मनात येतं, आणि शेवट न सांगताही फुटतो. विधान केलं तर तो अंदाज बांधत राहतो, आणि अंदाज बांधण्यासाठी त्याला पुस्तक उघडावं लागतं.

पण हे वाक्यच काढून टाकलं तर? मजकूर जास्त गोड होईल आणि कदाचित चार प्रती जास्तही खपतील. ‘जुन्या मुंबईतली एका जोडप्याची प्रेमकहाणी’ म्हणून ही कादंबरी विकता येईल, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा असेल. तसं करणं मला अप्रामाणिक वाटतं. शेवट लपवावा, पुस्तकाची जातकुळी लपवू नये. हलकंफुलकं काही वाचायचं म्हणून पुस्तक घेतलेल्या बाईला अखेरीस जे वाचावं लागेल, त्यानं ती दुखावेल, आणि तिचा राग योग्यच असेल. दुःख येणार आहे एवढं मलपृष्ठानं कळू द्यावं. कुठल्या दारानं येणार ते सांगू नये.

मजकूर लिहून झाला की तो दोन माणसांना दाखवायचा. एकानं कादंबरी वाचलेली नसावी आणि दुसऱ्यानं वाचलेली असावी. न वाचलेल्याला मजकूर एकदाच वाचायला द्यायचा, कागद परत घ्यायचा आणि विचारायचं: हे पुस्तक कसलं आहे, आणि यात पुढं काय होईल? तो म्हणाला, ‘जुन्या काळातलं नवरा-बायकोचं आहे, घरचे त्यांना त्रास देणार असं दिसतंय,’ तर मजकूर जमला. ‘नवरा मरतो वाटतं,’ असं म्हणाला तर कुठलातरी शब्द फितूर झाला आहे. तो शब्द शोधावा लागतो, आणि तो बहुतेकदा साधा दिसणारा असतो: ‘अल्पकाळचं सुख’ यातला ‘अल्पकाळ’, ‘तेव्हाचे ते दिवस’ यातला ‘तेव्हाचे’. मी आधी ‘पहिल्यांदाच’च्या जागी ‘काही काळ’ लिहिलं असतं तर तेवढ्यानं काम बिघडलं असतं. ज्यानं कादंबरी वाचली आहे त्याला वेगळा प्रश्न: ही आपलीच यमू वाटते का? तो जरा थांबला आणि ‘हो, पण...’ म्हणाला, तर त्या ‘पण’च्या पुढचं नीट ऐकून घ्यावं. न वाचलेला माणूस गौप्य तपासतो, वाचलेला माणूस खरेपणा तपासतो. एकच माणूस दोन्ही तपासू शकत नाही.

कुणी विचारेल की शेवट कळला म्हणून खरंच काही बिघडतं का? प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, जोनाथन लीविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी, २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही वाचकांना लघुकथांचा शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट थोड्या जास्त आवडल्या. नंतर २०१५ साली दुसऱ्या संशोधकांना याच्या विरुद्ध निष्कर्ष मिळाला, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. पण पहिला निष्कर्ष पूर्ण मान्य केला तरी मलपृष्ठाच्या बाबतीत तो लागू होत नाही असं मला वाटतं. त्या वाचकांच्या हातात कथा दिली होती आणि त्यांना ती वाचायचीच होती. मलपृष्ठ वाचणाऱ्यानं वाचायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. त्याला पुढं नेणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढं काय याची ओढ. ती तिथंच भागवली तर तो पान उघडेल कशाला?

शेवट सांगणं चालतं अशी पुस्तकंही आहेत, आणि ती ओळखायला सोपी असतात. गार्सिया मार्केस यांच्या १९८१च्या ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’मध्ये नायकाचा खून होणार हे पहिल्याच वाक्यात येतं. मलपृष्ठानं ते लपवण्यात अर्थ नाही, कारण तिथला प्रश्न ‘कोण मरतं’ हा नाहीच. ‘सगळ्या गावाला माहीत असूनही कुणी थांबवलं कसं नाही’ हा आहे. कादंबरी जे पहिल्या पानावर स्वतः सांगते ते गुपित नसतं. याच्या उलट टोकाला रहस्यकथा. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’च्या पाठीवर ‘थक्क करणारा शेवट’ एवढं जरी छापलं तरी ते जास्त झालं. वाचक मग प्रत्येक पात्राकडे त्या नजरेनं बघतो आणि लेखिकेनं इतक्या कष्टानं जपलेला त्याचा निर्धास्तपणा जातो. रहस्यकथेत वळण आहे हे सांगणं हासुद्धा गौप्यस्फोटच असतो, आणि ही चूक मराठी अनुवादांच्या मलपृष्ठांवर मला वारंवार दिसते.

आता पुष्कळशी पुस्तकं ऑनलाइन दुकानांतून विकली जातात आणि तिथं हाच मजकूर जसाच्या तसा चढवला जातो. मोबाइलच्या पडद्यावर त्यातल्या पहिल्या काही ओळी दिसतात. बाकीचं ‘अधिक वाचा’खाली जातं. म्हणून लेखकाचं नाव, साप्ताहिकाचं नाव आणि इतर परिचय मी शेवटी ठेवला आहे. वर यमू दिसायला हवी. ज्याला आपट्यांचं नाव माहीत आहे त्याला ते मुखपृष्ठावरच दिसतं.

एवढं करूनही एक जागा उरते, जिथं हे सगळं वाया जाऊ शकतं. जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना असते, आणि अभ्यासू प्रस्तावनाकार कथानकाचा सगळा सारांश त्यात देऊन टाकतो. मलपृष्ठ वाचून उत्सुकतेनं पुस्तक उघडलेला वाचक पहिल्या दहा पानांतच केशवपनापर्यंत पोचतो. प्रस्तावनाकाराचा यात दोष नाही. सगळं कथानक हातात घेतल्याशिवाय त्याला मुद्दाच मांडता येत नाही. म्हणून ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नवी आवृत्ती काढणाऱ्याला माझी विनंती आहे की प्रस्तावना कादंबरीच्या मागं छापावी. सुरुवातीला अर्ध्या पानाचं टिपण पुरे: कादंबरी कधी आणि कुठं छापली गेली, तेव्हाचे कुठले शब्द आज अडतील आणि त्यांचा अर्थ काय. त्याच्या पुढच्या पानावर यमूला बोलू द्यावं.